निदानानंतरचं पत्र कुणासाठी?

नाशिकमधल्या डॉक्टरांच्या एका बैठकीत अलीकडे प्रश्न निघाला, की कॅन्सरसारखं गंभीर निदान सांगितल्यावर कुटुंबाला पुढच्या उपचारांचं लेखी पत्र द्यावं का? दीड तास चर्चा रंगली. एक गट म्हणत होता, पत्र द्या, उद्या कोर्टात उपयोगी पडेल. दुसरा म्हणत होता, देऊ नका, उद्या कोर्टात तेच अंगाशी येईल. तिसऱ्या गटाला पत्र मान्य होतं, पण त्यांचं सगळं लक्ष ते शुद्ध मराठीत कसं लिहायचं यावर होतं. ‘बायोप्सी’ला प्रतिशब्द शोधण्यात वीस मिनिटं गेली. निदान ऐकून घरी गेलेला माणूस त्या रात्री काय करत असेल, हा विषय मात्र कुणीच काढला नाही.

मी तोंडाच्या आणि मानेच्या कॅन्सरची सर्जन आहे. माझं म्हणणं असं की पत्र द्यावंच. ते पेशंटच्या नावाने असावं, मराठीत असावं, दीड पानाच्या वर जाऊ नये आणि बोलणं झाल्यापासून दोन दिवसांत हातात पडावं. ते कोर्टासाठी नसतं आणि भाषेच्या अभिमानासाठीही नसतं. त्या घरात पुढच्या आठवडाभरात जे निर्णय होणार आहेत, त्यांच्यासाठी ते असतं. हे मला एका चुकीतून कळलं आणि ती चूक माझीच होती.

काही वर्षांपूर्वी निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलते आहे. वय पन्नाशीच्या पुढे, तीस वर्षांची तंबाखू, डाव्या गालाच्या आत तीन सेंटिमीटरची जखम आणि त्याच बाजूला जबड्याखाली दीड सेंटिमीटरची एक गाठ. बायोप्सीत कॅन्सर आला. मी त्यांना आणि घरच्यांना पाऊण तास समजावलं, कागदावर आकृती काढली, दोन आठवड्यांत ऑपरेशन व्हायला हवं असं दोनदा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ते परत आले नऊ आठवड्यांनी. तोवर जखम गालाच्या बाहेरच्या कातडीपर्यंत आली होती आणि जबड्याचं हाड धरलं होतं. तिसऱ्या स्टेजचा आजार चौथ्यात गेला होता.

मी चिडून विचारलं, एवढा उशीर का केलात? मुलाने फाइल उघडून रिपोर्टची ओळ दाखवली. त्यावर इंग्रजीत ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड’ असं छापलेलं होतं. गावातल्या एका शिकलेल्या नातेवाइकाने त्याचा अर्थ ‘मध्यम’ असा लावला होता. मध्यम आजार आहे, फार पुढे गेलेला नाही, तेव्हा माल निघेपर्यंत थांबू, व्यापाऱ्याशी बोलणं झालंय, मग निवांत ऑपरेशन करू, असं घरात ठरलं. त्या शब्दांचा आजार किती पुढे गेलाय याच्याशी संबंध नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या किती दिसतात, याचं ते वर्णन आहे. स्टेज वेगळी आणि ही ग्रेड वेगळी. पण घरी नेता येईल असं त्यांच्याकडे ते एकच वाक्य होतं, आणि त्यांनी त्यावर निर्णय घेतला. माझी पाऊण तासाची बडबड माझ्याच खोलीत राहिली होती.

याला त्यांचं अडाणीपण म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. ज्या घरात सातबाऱ्यावरची एक नोंद चुकली तर तलाठ्याकडे दहा चकरा होतात, ते घर कागद वाचायला नक्की शिकलेलं आहे. त्यांच्या हातात मी वाचता येईल असा कागद दिला नव्हता. रॉय केसेल्स या संशोधकाने २००३ साली या विषयावरचा अभ्यास एकत्र करून मांडला. डॉक्टरने सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतात, आणि जी आठवते त्यातली जवळजवळ निम्मी चुकीची आठवते. ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं काही ऐकू येत नाही, हे मला पेशंटांनी किती वेळा सांगितलं असेल! आम्ही मात्र त्यानंतरच तारखा, तपासण्या आणि औषधं सांगायला सुरुवात करतो.

त्या प्रसंगानंतर मी पत्रं लिहायला लागले. पत्रात काय असतं याचा वाद हवेत होऊ नये म्हणून अशाच एका दुसऱ्या शेतकऱ्याला लिहिलेलं पत्र, पुन्हा तपशील बदलून, इथे जवळजवळ पूर्ण देते.

“नमस्कार दादा,

काल तुम्ही, वहिनी, तुमचा मुलगा आणि पुतण्या असे चौघं आला होतात. आपण जे बोललो ते घरी शांतपणे पुन्हा वाचता यावं म्हणून लिहिते आहे.

तुमच्या डाव्या गालाच्या आतल्या जखमेचा तुकडा तपासला. त्यात कॅन्सर आहे. जखम साधारण तीन सेंटिमीटरची आहे आणि जबड्याखाली एक लहान गाठ लागते. यावरून आज तरी आजार तिसऱ्या स्टेजचा दिसतो. रिपोर्टवर ‘मॉडरेटली डिफरन्शिएटेड’ असं लिहिलं आहे. त्याचा अर्थ ‘मध्यम आजार, थांबलं तरी चालेल’ असा होत नाही. थांबायचं नाही.

हा आजार बरा करायचा, याच हेतूने आपण उपचार करणार आहोत. नक्की बरा होईल असं वचन मी देऊ शकत नाही, पण प्रयत्न त्यासाठीच आहे.

आधी ऑपरेशन, ३ तारखेला. गालाचा आजारी भाग, भोवतीच्या सेंटिमीटरभर चांगल्या भागासकट, काढायचा. मानेतल्या गाठी काढायच्या. गालात जी जागा रिकामी होईल तिथे मनगटाच्या वरची कातडी लावायची. आठ ते दहा दिवस दवाखान्यात राहावं लागेल. तोंडातले टाके भरून येईपर्यंत नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यावं लागेल. त्यानंतर चार ते सहा आठवड्यांत शेक, म्हणजे रेडिएशन, सुरू होईल. सोमवार ते शुक्रवार रोज एकदा, असे ३० वेळा, म्हणजे सहा आठवडे. रोज ये-जा करायची की नाशिकला राहायचं, हे आत्तापासून ठरवा.

दोन गोष्टी मला आज माहीत नाहीत. आजार छातीत गेला आहे का, हे गुरुवारच्या सीटी स्कॅननंतर शुक्रवारी कळेल. शेकाबरोबर केमो लागेल का, हे ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाची तपासणी झाल्यावर, साधारण दहा दिवसांनी कळेल. तेव्हा केमो सांगितली, तर ऑपरेशन फसलं किंवा काही लपवलं होतं असा अर्थ काढू नका.

बुधवारी पुतण्याने रेशनकार्ड आणि आधार घेऊन आमच्या आरोग्यमित्राला भेटावं, म्हणजे महात्मा फुले योजनेची मंजुरी वेळेत येईल. त्याच दिवशी तुमचं किडनीसाठीचं रक्त द्या. गुरुवारी सकाळी ९ वाजता उपाशीपोटी सीटी स्कॅन. शुक्रवारी आधी दातांचे डॉक्टर, मग मी. खराब दात शेकाच्या आधीच काढावे लागतात. नंतर काढले तर तिथलं जबड्याचं हाड भरून येत नाही, कुजू शकतं.

तंबाखू कालपासून सोडली आहे असं म्हणालात. तल्लफ सहन झाली नाही तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फुकट मदत मिळते, आणि मलाही सांगा, रागावणार नाही. जखमेतून रक्त थांबत नसेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल किंवा पाणीही गिळता येत नसेल, तर तारखेची वाट न बघता रात्री-अपरात्री थेट या.

वहिनींनी विचारलं होतं, चाकू लागला की कॅन्सर पसरतो का? नाही. वेळेवर ऑपरेशन झालं नाही तर मात्र पसरतो. आणि माल निघेपर्यंत थांबावं का, असं तुम्ही विचारलं होतं. माझं उत्तर आहे, थांबू नका. बाग कोण बघेल याची सोय ३ तारखेच्या आत करा.”

या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणता, असं विचारलं तर बहुतेक डॉक्टर निदानाकडे किंवा ऑपरेशनकडे बोट दाखवतील. मी ‘मला आज माहीत नाही’ या परिच्छेदाकडे दाखवेन. केमो लागणार की नाही, हे खरोखरच ऑपरेशनच्या आधी सांगता येत नाही. कापलेल्या कडेला आजार उरलेला सापडला, किंवा गाठीचं आवरण फोडून तो बाहेर आलेला दिसला, तर शेकाबरोबर केमो द्यावी, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांनंतर जगभर रुळलं आहे. डॉक्टरसाठी तो उपचाराचा नेहमीचा टप्पा असतो. घरच्यांसाठी तो विश्वासघात ठरतो, कारण “ऑपरेशनने निघून जाईल असं म्हणाले होते आणि आता केमो म्हणतात.” दवाखान्यातली किती भांडणं इथून सुरू होतात! अनिश्चित गोष्ट आधीच लिहून, ती कधी निश्चित होईल याची तारीख दिली, तर ती बातमी आली तरी धक्का बसत नाही. तोंडी सांगितलेलं ‘बघू, नंतर कळेल’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

आता विरोधातले मुद्दे. ते फालतू नाहीत.

वेळेचा मुद्दा खरा आहे. ओपीडीत साठ पेशंट बसलेले असताना दीड पान कोण लिहिणार? मला एका पत्राला बारा-पंधरा मिनिटं लागतात, तेही बोलून टाइप करून घेतलं तर. साचा तयार ठेवला की शेक, नळी, दात हे भाग लिहिलेले असतातच. पण आजाराचं वर्णन, आज माहीत नसलेल्या गोष्टी आणि त्या घराने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं ताजीच लिहावी लागतात. माझी कसोटी सोपी आहे. पत्रावरचं नाव बदलून ते दुसऱ्या पेशंटला देता येत असेल, तर ते पत्र नाही, माहितीपत्रक आहे. आणि ही पंधरा मिनिटं वाया जातात हेही मला पटत नाही. पत्र नसताना हाच वेळ आम्ही फोनवर, वेगवेगळ्या काका-मामांना, पाच वेळा देतो.

कोर्टाच्या भीतीत तथ्य आहे. लिहिलेलं वाक्य संदर्भ तोडून वाचलं जाऊ शकतं. पण नियम काय सांगतात? भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत म्हटलं आहे की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, आणि पेशंटला, नातेवाइकांना हिताची तेवढी माहिती आहे याची खात्री करावी. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की पुरेशी माहिती दिल्याशिवाय संमती खरी होत नाही. म्हणजे माहिती द्यायची आहेच, प्रश्न फक्त ती हवेत विरू द्यायची की कागदावर ठेवायची एवढाच. अंगाशी येतं ते वचन. ‘काळजी करू नका, शंभर टक्के बरं होईल’ हे मी कधी लिहिणार नाही, आणि जे लिहिता येत नाही ते तोंडी तरी का बोलावं? पत्राची सवय लागल्यापासून माझं बोलणंही जपून झालं आहे.

सगळ्यात अवघड मुद्दा मात्र वेगळाच आहे. “मॅडम, दादांना सांगू नका, ते खचतील.” हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि म्हणणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं. पेशंटच्या नावाने पत्र पाठवणं म्हणजे त्या मायेवर पाय देणं नाही का? अमेरिकेतले डॉक्टरही एके काळी असंच मानत. १९६१ साली तिथल्या एका पाहणीत ९० टक्के डॉक्टर म्हणाले होते की कॅन्सर झाल्याचं पेशंटला सांगू नये. १९७९ साली तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ९७ टक्के म्हणाले की सांगावं. अठरा वर्षांत माणसांची काळजं घट्ट झाली नव्हती. उपचार सुधारले होते, आणि उपचारांना पेशंटची साथ लागते हे लक्षात आलं होतं. ज्याला गाल कापून घ्यायचा आहे, तीस दिवस शेकाच्या टेबलावर पडायचं आहे, तंबाखू सोडायची आहे, त्याला ‘गालाला साधा फोड आहे’ असं सांगून हे सगळं कसं करून घेणार?

तरीही अमेरिकेचा नियम इथे उचलून आणावा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे आजार एकट्याचा नसतो, घराचा असतो. म्हणून मी निदान सांगण्याआधी पेशंटला एकट्याने विचारते, “रिपोर्ट आल्यावर तुम्हाला किती सांगू? आणि घरात अजून कुणाला सांगू?” बहुतेक जण म्हणतात, मलाच सांगा, पण मुलगा बरोबर असू दे. काही आजी म्हणतात, “मला नको बाई, थोरल्याला सांग.” मग पत्र थोरल्याच्या नावाने जातं, आणि आईंच्या इच्छेने तुम्हाला लिहिते आहे, असं त्यात पहिल्याच ओळीत लिहिते. ठरवणारी आजीच असते. घरच्यांनी परस्पर ठरवलेलं गुपित मात्र मी पाळत नाही. किती दिवस आहेत, याचे आकडे न विचारता पत्रात लिहीत नाही. याचं कारण तत्त्वाचं नाही, फार साधं आहे. एका घरात माझं पत्र सातवीतल्या नातीने मोठ्याने वाचून दाखवलं, हे मला नंतर कळलं, आणि त्या पत्रात तसा आकडा होता. त्या मुलीच्या तोंडून ते वाक्य आजोबांनी ऐकलं. तेव्हापासून प्रत्येक ओळ लिहिताना ती पोरगी समोर असते.

ज्यांना वाचता येत नाही, किंवा सुरगाणा-पेठ भागातून आलेल्या ज्या कोकणा बोलणाऱ्या माणसांना आमची मराठी परकी वाटते, त्यांच्यासाठी पत्र पुरत नाही, हे मान्य आहे. तिथे आमच्या सिस्टर पत्र समोर बसून वाचून दाखवतात आणि मगच देतात. पण पत्र निरुपयोगी ठरत नाही. ते गावच्या डॉक्टरपर्यंत जातं. घरातला पहिला सल्ला तोच देतो, आणि त्याला नेमकं माहीत असलं की ‘आधी झाडपाल्याचं करून बघू’ला तो तिथेच अडवू शकतो. “बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या, पत्र कशाला?” असंही कुणी म्हणालं होतं. खुशाल करा. पण पाऊण तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये उपाशी कोणत्या दिवशी यायचं, हे रात्री अकरा वाजता कोण शोधणार?

भाषेचा वाद तर मला उलटाच वाटतो. ‘ऊतिपरीक्षण’ लिहिलं तर निफाडमध्ये ते बायोप्सीहून जास्त परकं. लोक कॅन्सर, गाठ, टाके, नळी, शेक, सीटी म्हणतात. पत्राने तेच म्हणावं. खरी काळजी घ्यायची ती ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांची. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगलं, असं समजून पेढे वाटायला निघालेला मुलगा मी पाहिला आहे. ब्रिटनमधल्या वैद्यकीय संस्थांच्या अकादमीने २०१८ साली डॉक्टरांना सांगितलं, की ओपीडीनंतरचं पत्र दुसऱ्या डॉक्टरला लिहून पेशंटला नक्कल देण्याऐवजी थेट पेशंटलाच लिहा. तिथे डॉक्टर आणि पेशंट दोघांची भाषा एकच, तरी हे सांगावं लागलं. आपल्याकडे तर फाइलची भाषा घरातल्या कुणाचीच नसते. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच गावात, म्हसरूळला आहे. विद्यार्थ्याला पेशंटची माहिती इंग्रजीत लिहायला आपण शेकडो वेळा लावतो. त्याच पेशंटला मराठीत एक पत्र लिहून दाखव, असं परीक्षेत एकदा तरी का विचारू नये?

पत्र पोचलं की नाही हे कळायला एक फोन पुरतो. तिसऱ्या दिवशी आमच्या सिस्टर विचारतात, “पुढे कधी यायचंय, आणि कशासाठी?” ‘वाचलं का’ असं विचारत नाहीत, त्याला सगळेच हो म्हणतात. उत्तर चुकलं तर पत्रात काहीतरी चुकलं असं धरून मी ते पुन्हा वाचते. एकदा तीन घरांनी लागोपाठ दातांच्या डॉक्टरकडे जाणं टाळलं. पाहिलं तर मी ‘दात दाखवून घ्या’ एवढंच लिहीत होते, का ते लिहीतच नव्हते. हाड कुजू शकतं ही ओळ तेव्हा आली.

पहिल्या बागायतदारांचं पुढे काय झालं ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नऊ आठवड्यांनी नेमका किती फरक पडला हे एका माणसावरून सिद्ध होत नाही आणि त्यांच्या दुःखाचा मला पुरावा करायचा नाही. ज्यांचं पत्र वर दिलं, ते दादा ३ तारखेच्या आदल्या दिवशी दाखल व्हायला आले, तेव्हा वहिनींनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते काढलं. रेशनकार्ड, आधार आणि सातबाऱ्याच्या उताऱ्याबरोबर ठेवलं होतं. घड्यांवर हळदीची बोटं उमटली होती. बुधवार, गुरुवार, शुक्रवारसमोर पेनने बरोबरच्या खुणा होत्या, आणि नळीच्या ओळीशेजारी, समासात, मुलाच्या अक्षरात एक प्रश्न होता: “नळी काढल्यावर भाकरी कधी खाता येईल?” ते मी लिहिलंच नव्हतं. शेक चालू असताना तोंड सोलवटतं, गिळताना दुखतं, तेव्हा भाकरी शेक संपल्यावर काही आठवड्यांनी, आणि तीही आधी दुधात कुस्करून. आता ते प्रत्येक पत्रात असतं.